टॅब्लोचा डॅशबोर्ड माझ्याकडे नीट दिसतो, साहेबांच्या लॅपटॉपवर विस्कटतो: समस्या निवारण

आमच्या टीमकडे येणाऱ्या टॅब्लोच्या तक्रारींत ही तक्रार कायम पहिल्या नंबरावर असते. डेटा बरोबर, फिल्टर चालतात, बनवणाऱ्याच्या मॉनिटरवर सगळं जागच्या जागी. आणि मीटिंगमध्ये प्रोजेक्टरवर उघडलं की शीर्षक कापलेलं, फिल्टर चार्टवर चढलेला. बहुतेक वेळा दोष एकाच जागी सापडतो: डॅशबोर्डचा आकार कसा ठरवलाय तिथे. खाली तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे लावल्या आहेत. याच क्रमाने जा. पहिल्या दोन तपासण्यांना डॅशबोर्ड उघडून बदलावासुद्धा लागत नाही.

लक्षणं

आधी तुमचं दुखणं यातलं कोणतं ते ओळखा, कारण प्रत्येकाचं मूळ वेगळं आहे.

- सगळं दिसतं, पण दाबल्यासारखं. बार चार्टमधली काही नावं गायब, आकड्यांच्या जागी #### येतं, शीर्षक अर्ध्यात तुटतं. डॅशबोर्ड ऑटोमॅटिक असण्याची शक्यता मोठी.
- खाली किंवा उजवीकडे स्क्रोलबार येतो आणि उजव्या बाजूचे फिल्टर दिसतच नाहीत. डॅशबोर्ड फिक्स्ड आहे आणि समोरची खिडकी त्याहून लहान आहे.
- मोठ्या मॉनिटरवर डॅशबोर्ड छोटा दिसतो, भोवती पांढरी जागा उरते. हेही फिक्स्डच, किंवा रेंजची वरची मर्यादा ओलांडली गेलीय.
- फिल्टर, लेजंड किंवा लोगो दुसऱ्याच चार्टवर जाऊन बसतो. फ्लोटिंग ऑब्जेक्ट.
- चांगल्या मोठ्या कॉम्प्युटरवर डॅशबोर्ड मोबाइलसारखा एकाखाली एक उघडतो. फोन लेआउट. याचं कारण चटकन सुचत नाही, म्हणून त्यावर खाली सविस्तर लिहिलंय.

1. ब्राउझरचा झूम

हसू नका, यातच काम होतं असं पुष्कळदा घडतं. ज्याच्याकडे बिघडतंय त्याला डॅशबोर्ड उघडून `Ctrl+0` दाबायला सांगा. ब्राउझर प्रत्येक साइटचा झूम लक्षात ठेवतो. कोणीतरी कधीतरी बारीक अक्षरं वाचायला 125 टक्के केलेलं असतं आणि मग विसरून गेलेलं असतं. झूम वाढवला की टॅब्लोला मिळणारी खिडकी पिक्सेलच्या हिशेबात लहान होते. ऑटोमॅटिक डॅशबोर्ड त्या लहान खिडकीत स्वतःला कोंबतो, फिक्स्ड असेल तर स्क्रोलबार दाखवतो.

2. खरी खिडकी मोजा

"माझा लॅपटॉप फुल एचडी आहे" या वाक्यावर विसंबू नका. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल नावाची गोष्ट असते. 1920 × 1080 चा पडदा 125 टक्के स्केलवर असेल तर ब्राउझरच्या हाती 1536 × 864 एवढंच येतं. 150 टक्क्यांवर 1280 × 720. लहान पडद्याच्या लॅपटॉपवर हे स्केल बरेचदा आधीपासूनच वाढवलेलं येतं, वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. शिवाय त्या उंचीतून ब्राउझरचे टॅब, पत्त्याची पट्टी आणि खालचा टास्कबार वजा होतात.

म्हणून अंदाज नको. ज्याच्याकडे बिघाड आहे त्याच्या ब्राउझरमध्ये `F12` दाबा, Console उघडा आणि हे टाका:

```
[window.innerWidth, window.innerHeight, window.devicePixelRatio]
```

पहिले दोन आकडे म्हणजे खिडकीची खरी रुंदी आणि उंची. तिसऱ्यात विंडोजचं स्केल आणि ब्राउझरचा झूम यांचा गुणाकार असतो. साध्या डेस्कटॉप मॉनिटरवर तो 1 असतो, 1.5 आला की काय झालंय ते लगेच कळतं. कंपनीच्या मशीनवर कन्सोल बंद असेल तर संपूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट मागवा आणि सोबत विंडोजच्या स्केलचा आकडा विचारा. फक्त डॅशबोर्डचा कापलेला फोटो घेऊ नका, त्यावरून काहीच ठरत नाही.

हे आकडे तुमच्या स्वतःच्या मशीनवरही काढा. दोन्ही शेजारी ठेवले की निम्मी शंका तिथेच फिटते. पुढच्या तपासणीत हेच आकडे लागणार आहेत.

3. आकार कोणत्या प्रकारचा आहे

टॅब्लो डेस्कटॉपमध्ये डाव्या बाजूच्या Dashboard पेनमध्ये Size आहे. त्यात तीन पर्याय मिळतात.

Fixed size: खिडकी कितीही असो, डॅशबोर्ड तेवढाच राहतो. नवा डॅशबोर्ड असाच सुरू होतो, Desktop Browser नावाच्या 1000 × 800 या मापात. खिडकी लहान असेल तर स्क्रोल, मोठी असेल तर पांढरी जागा. माप सगळ्यांना सारखं असल्यामुळे सर्व्हरला आधी तयार केलेली कॅशे पुन्हा वापरता येण्याची शक्यता जास्त, म्हणून हे डॅशबोर्ड लवकर उघडू शकतात.

Automatic: समोर जेवढी खिडकी असेल तेवढं पसरायचं किंवा आक्रसायचं.

Range: किमान आणि कमाल माप तुम्ही द्यायचं. त्या दोहोंमध्ये तो ऑटोमॅटिकसारखा वागतो. किमानाच्या खाली गेलं की स्क्रोल, कमालाच्या वर गेलं की पांढरी जागा.

नवीन माणूस Automatic निवडतो, कारण नावावरून वाटतं की आता चिंता मिटली. पण हे ऑटोमॅटिक फक्त चौकटी ताणतं आणि दाबतं. अक्षरं आहे त्याच मापाची राहतात. 9 पॉइंटचा फॉन्ट मोठ्या मॉनिटरवरही 9 पॉइंट आणि छोट्या लॅपटॉपवरही 9 पॉइंट. चौकट निम्मी झाली आणि मजकूर तेवढाच राहिला की टॅब्लो मजकूर गाळतो, तोडतो किंवा #### दाखवतो. डॅशबोर्ड फुटण्याचं मुख्य कारण एवढंच आहे.

आणखी एक फसगत. टॅब्लो डेस्कटॉपमध्ये ऑटोमॅटिक डॅशबोर्ड बनवताना तुम्हाला दिसतं ते माप म्हणजे तुमच्याच टॅब्लोच्या खिडकीत उरलेली जागा. डावं पेन बंद केलं की डॅशबोर्ड रुंद होतो. म्हणजे तुम्ही ज्या मापावर सगळं जुळवत बसलात ते माप वाचणाऱ्यांपैकी कोणाकडेच नसतं.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी. महाराष्ट्राच्या 36 जिल्ह्यांची विक्री दाखवणारा आडवा बार चार्ट आहे, एका जिल्ह्याला एक ओळ. वर 60 पिक्सेलचं शीर्षक, त्याखाली 90 पिक्सेलची मोठ्या आकड्यांची पट्टी. चार्टचा अक्ष आणि त्याचं नाव 30 पिक्सेल खातं. म्हणजे 180 पिक्सेल आधीच गेले. डॅशबोर्ड ऑटोमॅटिक, चार्ट Entire View वर.

बनवणाऱ्याकडे 1080 उंचीचा मॉनिटर, स्केल 100 टक्के. ब्राउझरच्या आणि टॅब्लोच्या स्वतःच्या पट्ट्या वजा जाता साधारण 850 पिक्सेल उरतात. त्यातून 180 वजा केले की 670. भागिले 36, म्हणजे ओळीला साडेअठरा पिक्सेल. 9 पॉइंटचं अक्षर 12 पिक्सेल उंचीचं, त्यामुळे नावं आरामात बसतात आणि सगळं छान दिसतं.

तोच डॅशबोर्ड 1366 × 768 च्या लॅपटॉपवर उघडला. हाती उरले 580 च्या आसपास. 180 वजा करून 400, भागिले 36, म्हणजे ओळीला 11 पिक्सेल. 12 चं अक्षर 11 च्या ओळीत बसणार कसं? मग नावं गळायला लागतात आणि साहेब विचारतात, "आपला परभणी कुठं गेला?" परभणीचा बार तिथेच असतो, नाव तेवढं गेलेलं असतं.

यावर फॉन्ट 7 करणं हा उपाय नव्हे. उलट्या बाजूने हिशेब करा. ओळीला 20 पिक्सेल हवेत, 36 ओळींना 720, वरचे 180 मिळवले की 900. म्हणजे डॅशबोर्डची उंची 900 ठरवून टाकायची. छोट्या लॅपटॉपवर खाली स्क्रोल करावं लागेल, ते चालतं. उभं स्क्रोल करायला कोणाची तक्रार नसते. आडवं स्क्रोल मात्र कोणी करत नाही, उजवीकडे काय आहे हे त्यांना कळतच नाही.

म्हणून रुंदीच्या बाबतीत कंजूषपणा करा. वाचणाऱ्यांपैकी सगळ्यात अरुंद खिडकी पकडायची. आपल्या उदाहरणात 1366 चा लॅपटॉप सगळ्यात लहान वाटतो, पण 150 टक्के स्केलचा फुल एचडी लॅपटॉप 1280 वरच येतो, तो त्याहून अरुंद निघाला. उभा स्क्रोलबार येणार म्हणजे त्याचे सतराएक पिक्सेल गेले, राहिले 1263. थोडी मोकळीक ठेवून 1240 घ्या. Size मध्ये Fixed size, Custom, 1240 × 900. संपलं.

मोठ्या मॉनिटरवर फार रिकामं दिसतंय अशी कुरकुर आली तर Range वापरा: रुंदी किमान 1240, कमाल 1600 आणि उंची दोन्हीकडे 900. रुंदी हलते, उंची हलत नाही. आडव्या बार चार्टला रुंदी वाढल्याने काही होत नाही, बार थोडे लांब होतात इतकंच. रेंजच्या दोन्ही टोकांत फार अंतर ठेवू नका. किमान 800 आणि कमाल 2000 ठेवलं तर तो ऑटोमॅटिकच झाला.

मग ऑटोमॅटिक कधी? एखाद-दुसरा चार्ट, थोड्या ओळी, सगळं टाइल्ड आणि भिंतीवरच्या टीव्हीवर कायम लावून ठेवायचा डॅशबोर्ड असेल तर खुशाल वापरा. दाट डॅशबोर्डला मी तो देत नाही.

4. प्रत्येक शीटचा फिट

डॅशबोर्डचा आकार बरोबर असूनही एखाद्याच चार्टच्या आत स्क्रोलबार येत असेल तर त्या शीटचा फिट पाहा. शीट निवडा आणि वर टूलबारमधल्या फिटच्या यादीत काय आहे ते बघा. Standard असेल तर चार्ट आपल्या मूळ मापात राहतो आणि चौकट लहान पडली की आत स्क्रोलबार येतो. Entire View चौकटीत सगळं कोंबतो. Fit Width रुंदी भरतो, उंची मोकळी सोडतो.

ओळींची संख्या बदलत असेल, म्हणजे फिल्टर लावल्यावर कधी 5 दुकानं तर कधी 200, तर Entire View नको. 5 असताना बार विटांएवढे जाड होतात, 200 असताना केसासारखे बारीक. तिथे Fit Width द्या आणि आतला स्क्रोल पत्करा. जिल्हे 36 चे 36 च राहणार, म्हणून वरच्या उदाहरणात Entire View चालून गेला.

5. फ्लोटिंग ऑब्जेक्ट

Layout टॅब उघडा. खालच्या Item hierarchy मध्ये Tiled च्या बाहेर जे काही लटकलेलं असेल ते फ्लोटिंग. फ्लोटिंग वस्तू खालच्या टाइल्ड मांडणीत धरलेली नसते. खालचा चार्ट सरकला तर ती त्याच्याबरोबर सरकेलच असं नाही. फिक्स्ड आकारात हे चालतं, कारण तिथे काहीच सरकत नाही आणि तुम्ही दिलेले x, y सगळीकडे लागू पडतात. ऑटोमॅटिक आणि रेंजमध्ये मात्र फिल्टर चार्टच्या डोक्यावर जाऊन बसतो.

उपाय दोन. डॅशबोर्ड फिक्स्ड करा किंवा ती वस्तू टाइल्ड करून एखाद्या कंटेनरमध्ये बसवा. नकाशावरचा लेजंड, कोपऱ्यातला लोगो अशा एक-दोन गोष्टी फ्लोटिंग असतील तर मी आकार फिक्स्ड करून मोकळा होतो. सगळाच डॅशबोर्ड फ्लोटिंगवर बांधलेला असेल तर त्याला ऑटोमॅटिक करण्याच्या नादी लागू नका.

6. कंटेनर आणि ठरवून दिलेल्या उंच्या

इथपासून काम वेळखाऊ होतं, म्हणून आधी वर्कबुकची प्रत काढून ठेवा.

उभ्या कंटेनरमधल्या कोणत्याही वस्तूच्या मेन्यूत Fixed Height आणि Edit Height… मिळतं, आडव्यात हेच रुंदीचं. आधी ज्यांचं माप ठरवून दिलंय त्यांना जागा मिळते, उरलेली बाकीच्यांत वाटली जाते. त्यामुळे शीर्षक, आकड्यांची पट्टी आणि फिल्टरची ओळ यांचं माप ठरवून द्या आणि मुख्य चार्ट मोकळा सोडा. उलटं केलेलं पुष्कळ ठिकाणी सापडतं: चार्टला 500 ठरवून दिलेले आणि आकड्यांची पट्टी मोकळी. मग छोट्या खिडकीत सगळा दाब त्या पट्टीवर येतो आणि एकूण विक्रीचा आकडा वरून-खालून कापला जातो.

ठरवून दिलेल्या उंच्यांची बेरीज करून बघा. ती किमान उंचीच्या जवळ पोचत असेल तर मोकळ्या चार्टला काही उरतच नाही. दोन-तीन चार्ट शेजारी शेजारी आहेत आणि एकच अरुंद होतोय, तर त्या कंटेनरच्या मेन्यूत Distribute Contents Evenly लावा.

7. कॉम्प्युटरवर मोबाइलचा लेआउट

आता तो चमत्कारिक प्रकार. डॅशबोर्ड थेट सर्व्हरवर उघडला की बरोबर दिसतो, कंपनीच्या पोर्टलमध्ये बसवला की मोबाइलसारखा एकाखाली एक.

कारण असं. नव्या डॅशबोर्डला टॅब्लो स्वतःहून Phone लेआउट जोडतो. ब्राउझरमध्ये कोणता लेआउट दाखवायचा हे तो यंत्र पाहून ठरवत नाही. ज्या आयफ्रेममध्ये डॅशबोर्ड आहे तिची रुंदी आणि उंची यांतली जी लहान असेल ती पाहतो. ती 500 पिक्सेल किंवा कमी असेल तर फोन, 501 ते 800 असेल तर टॅब्लेट, त्याहून जास्त असेल तर डेस्कटॉप. पोर्टलवाल्याने आयफ्रेम 1100 × 480 केली की लहान बाजू 480. टॅब्लोच्या लेखी तो फोन.

खात्री करायची असेल तर पत्त्याच्या शेवटी हे जोडून पाहा:

```
?:device=desktop
```

पत्त्यात आधीच `?` असेल तर `?` ऐवजी `&` लावा. लेआउट सुधारला तर निदान पक्कं झालं. मग आयफ्रेमची उंची वाढवा, किंवा हेच पॅरामीटर कायम ठेवा. पोर्टल `<tableau-viz>` वापरत असेल तर त्यात `device="desktop"` लिहायचं. कोणी फोनवर बघतच नसेल तर Phone लेआउट काढून टाकणं सगळ्यात सोपं. पुढच्या डॅशबोर्डांना तो नको असेल तर Dashboard मेन्यूतली Add Phone Layouts to New Dashboards ची खूण काढा.

फोनवर बघणारे असतील तर मात्र तो लेआउट एकदा उघडून नजरेखालून घाला. त्याची मांडणी स्वतः बदलायला घेतली की टॅब्लो ती आपोआप जुळवणं सोडून देतो. पुढे मूळ डॅशबोर्डमध्ये नवा चार्ट टाकला तरी फोनवर तो येत नाही, तिथे हाताने टाकावा लागतो. "फोनवर एक चार्ट कमी दिसतो" ही तक्रार आली की आधी हेच पाहा.

दुरुस्ती झाल्यावर वर Device Preview उघडून निरनिराळी मापं पाहून घ्या, आणि पब्लिश केल्यावर दुसऱ्या तपासणीत मोजलेल्या सगळ्यात लहान खिडकीच्या मशीनवर खरोखर उघडा. प्रिव्ह्यूत ब्राउझरच्या आणि पोर्टलच्या पट्ट्या दिसत नाहीत.

इथे थांबा आणि योग्य माणसाला बोलवा

थेट सर्व्हरवर डॅशबोर्ड ठीक आहे, `:device=desktop` लावूनही पोर्टलमध्ये बिघडतो: हे वेब डेव्हलपरचं काम. आयफ्रेमवर त्यांची सीएसएस चालते, टॅब्लोत बसून तुम्ही ती बदलू शकत नाही. पोर्टल फोनवर उघडल्यावर सगळं पानच बारीक दिसत असेल तर त्यांना पानात viewport चा मेटा टॅग आहे का ते विचारा.

दोन मशीनवर दुसऱ्या तपासणीतले तिन्ही आकडे एकसारखे, तरी मजकूर वेगळ्या जागी तुटतो: फॉन्टचा संशय घ्या. तुमच्याकडे असलेला खास फॉन्ट समोरच्या मशीनवर किंवा सर्व्हरवर नसला की त्याजागी दुसरा येतो आणि त्याची अक्षरं कमी-जास्त रुंद असतात. मराठी फॉन्ट वापरणाऱ्यांनी हे विशेष पाहावं. वर्कबुकमध्ये सर्रास मिळणारा फॉन्ट लावून बघा. तोच खास फॉन्ट हवा असेल तर सर्व्हर अॅडमिनला सांगा, सर्व्हरवर स्वतः काही चढवायला जाऊ नका.

आणि सगळं फ्लोटिंगवर बांधलेला जुना डॅशबोर्ड, जो रोज मॅनेजमेंट बघते आणि आता तीन प्रकारच्या पडद्यांवर चालायला हवाय, तो दुरुस्त करत बसू नका. टाइल्ड कंटेनरवर नव्याने बांधायला टॅब्लो डेव्हलपरला द्या.

कोणाकडेही पाठवताना तक्रारीसोबत एवढं द्या: कन्सोलचे तिन्ही आकडे, पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट, Size मध्ये काय निवडलंय ते मापासकट, आणि डॅशबोर्ड थेट उघडला की पोर्टलमधून. यातलं काही राहिलं तर पुढचे दोन दिवस ते विचारण्यातच जातात.